मामाजींचा पांढरा सदरा

आमच्या स्टुडिओत दोन कॅमेरे आणि तीन माणसं. एक कॅमेरा माझा नवरा विनोद चालवतो, दुसरा मी चालवते. तिसरे आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे ग्यानबा. ते काही चालवत नाहीत. ते उभे राहतात. तरी केनवडात कुणालाही विचारा, या तिघांत महत्त्वाचं काम कुणाचं, तर लोक मामाजींचंच नाव घेतील. त्यांनी स्वतःच ते गावभर सांगून ठेवलं आहे.

हे उभं राहण्याचं काम काय, ते आधी सांगते. आमचे कॅमेरे दोन वेगळ्या कंपन्यांचे. एक लग्नाआधी विनोदनं घेतलेला, दुसरा मी आल्यावर वाशीमच्या एका फोटोग्राफरकडून जुना मिळाला तो. दोघांची नजर वेगळी. विनोदच्या कॅमेऱ्यात माणूस लालसर येतो, नुकताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. माझ्या कॅमेऱ्यात तोच माणूस जरा हिरवट येतो. विनोद स्टेजवर असतो, मी आत बायकांमध्ये असते, आणि अल्बमात दोघांचे फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी बसतात. डाव्या फोटोत लाल मावशी आणि उजव्या फोटोत हिरवी मावशी असं चालत नाही. मावशी अल्बम परत पाठवते.

आता हजार-बाराशे फोटो एकेक करून कोण सारखे करत बसणार? त्याला एक युक्ती आहे. ज्या उजेडात फोटो काढायचे, तिथं आधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच पांढरी वस्तू टिपायची. मग कॉम्प्युटरवर त्या वस्तूवर क्लिक करून सांगायचं की बाबा, हे पांढरं समज. बाकीचे रंग तो त्या हिशेबानं सरकवतो. मग दोन्हीकडचा उजेड सारखा करायचा, विनोदच्या फोटोतला लाल थोडा उतरवायचा, माझ्यातला हिरवा काढायचा, आणि एका फोटोवर केलेलं सगळं त्या कॅमेऱ्याच्या त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंवर एका फटक्यात उतरवायचं. मांडवातून हॉलमध्ये गेलो की उजेड बदलला, म्हणजे पांढरी वस्तू पुन्हा टिपायची. मधे कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं अजिबात चालवू द्यायचं नाही. रंगाचा आकडा बांधून ठेवायचा, नाहीतर तो दर फोटोला वेगळं ठरवतो आणि मग एका फटक्यात काहीच होत नाही. दोघांची घड्याळंही घरूनच जुळवून निघायचं. एकदा विनोद ते विसरला होता, तेव्हा अल्बमात नवरी आधी रडत सासरी गेली आणि नंतर तिचं लग्न लागलं.

तर ती पांढरी वस्तू म्हणजे आमचे मामाजी.

मामाजी शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे, पण घंटेपेक्षा त्यांचा सदरा लांबून ओळखू यायचा. स्वच्छ राहायचं, पांढरं घालायचं, कुणी बोट ठेवायला जागा द्यायची नाही, ही त्यांच्या बापाची शिकवण, आणि आमच्या वस्तीत ती घरोघरी होती. मामाजींनी ती जरा जास्तच मनावर घेतली. सासूबाई होत्या तोवर कपडे त्या धुवायच्या. त्या गेल्यावर मी धुते म्हटलं, तर मामाजी म्हणाले, सदऱ्याला हात लावायचा नाही. चड्डी-बनियान धू, धोतर धू, सदरा मी पाहतो. ते स्वतः बादली घेऊन बसतात, घासतात, शेवटच्या पाण्यात नीळ घालतात, वाळत घालतात आणि वाळेपर्यंत तिथंच खुर्ची टाकून कावळ्यांवर लक्ष ठेवतात. गावात एखादी बाई नव्या साबणाचं कौतुक करायला लागली, की दुसरी म्हणते, ग्यानबापेक्षा पांढरं निघते का त्यानं? हे वाक्य मामाजींच्या कानावर आलं की त्या दिवशी त्यांना जेवण जास्त लागतं.

विनोदनं धंदा सुरू केला तेव्हा त्याला लग्नात पांढरं काहीतरी हवं होतं आणि बाप समोर जेवायला बसला होता. तिथून ही प्रथा पडली. मामाजी प्रत्येक लग्नाला येतात. उजेड बदलला की विनोद नुसता हात वर करतो. मामाजी पंगतीतून उठतात, खिशातला पेन सरळ करतात, छाती काढून उभे राहतात. आधी विनोद टिपतो, मग मी. मग ते परत जाऊन बसतात. कुणी विचारलं की काका, तुमचा फोटो आधी कायले काढून राह्यले, तर ते गंभीरपणे सांगतात, "मी पांढरा आहो. बाकीचे रंग माह्यावरून निघतात."

आमचे फोटो थोडे पिवळसर येतात हे मी लग्न होऊन आले त्या वर्षीच मला दिसलं होतं. विनोदला सांगितलं, तर तो म्हणाला, सोनेरी म्हण. लोकांनाही ते आवडायचं. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकमेकांशी जुळायचे, दोघेही सारखेच सोनेरी. म्हणून मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही हे माझी आई सांगेल, पण तेव्हा बसले.

पितळ उघडं पडलं ते धम्मदीपाच्या लग्नात. धम्मदीपा ही मामाजींच्या बहिणीची, बेबीताईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची मुलगी. लग्न वाशीमला, भर उन्हाळ्यात, पांढऱ्या कापडाच्या मांडवात. आमच्यात नवरीला पांढरी साडी असते आणि ती सासरकडून येते. धम्मदीपाच्या सासूनं मोठ्या हौसेनं आणलेली, पांढरीशुभ्र, बारीक काठाची. विनोद मांडवात होता, त्यानं मामाजींना टिपून घेतलं. मी आत नवरीच्या खोलीत अडकले होते. बाहेर आले तोवर बुद्धवंदना सुरू होण्याची वेळ झाली होती. घाईघाईत हात वर केला, मामाजी आले, उभे राहिले, मी टिपलं आणि धावले.

चार दिवसांनी विनोदनं नेहमीसारखं काम उरकलं. त्याच्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळे, माझे वेगळे, दोन्हीकडे बापाच्या सदऱ्यावर क्लिक, मग सगळ्यांवर उतरवून मोकळा. त्यातले निवडक फोटो त्यानं आत्याबाईंना मोबाईलवर पाठवले आणि जेवायला बसला. घास तोंडात जायच्या आत आत्याबाईंचा फोन आला. धम्मदीपाच्या सासूनं विचारलं होतं, की आम्ही एकच साडी आणली होती, तुमच्या मुलीनं लग्नात दोन कोणत्या नेसल्या?

आम्ही कॉम्प्युटरवर अल्बमची पानं लावून पाहिली. डाव्या पानावर धम्मदीपा हळदीत बुडवून काढलेली. उजव्या पानावर तीच धम्मदीपा, तोच हार, तोच नवरा, आणि साडी थंडीनं निळी पडलेली. नवरदेवाचा कान डाव्या पानावर पिवळा आणि उजव्या पानावर तोच कान निळा.

विनोदनं ताबडतोब निकाल दिला की दोष माझ्या कॅमेऱ्याचा. जुना माल, दुसऱ्याचा हात लागलेला. मी म्हटलं, दोन वर्षं बरा चालला आणि आजच त्याला म्हातारपण आलं का? मग त्याला बाजूला सारून मी स्वतः खुर्चीवर बसले आणि मामाजींचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. मोठे करून पाहिले. विनोदच्या फोटोत मामाजींच्या खिशाला पेन होता. माझ्या फोटोत पेन नव्हता. मामाजी पेनाशिवाय झोपतही नाहीत. आणखी मोठं केलं तर गुंड्याही वेगळ्या, सोनेरी कडेच्या.

मामाजी ओट्यावर बसले होते. विचारलं, लग्नात सदरा बदलला होता का? मग निघालं सगळं. मी आत होते तेव्हा वाढप्यानं त्यांच्या अंगावर वांग्याची भाजी सांडली होती. डागाचा सदरा घालून भाचीच्या लग्नात उभं राहायचं त्यांना पटेना. नवरदेवाच्या काकांकडे जास्तीचा सदरा होता, तो मागून घातला. रंग मोतिया. मांडवात पाहिलं तर कुणीही पांढराच म्हटला असता. मी हात वर केला तेव्हा ते त्यातच येऊन उभे राहिले, कारण ड्युटी ती ड्युटी.

माझा निळा रंग तिथं उलगडला. मोतिया म्हणजे थोडा पिवळाच. त्याला आम्ही पांढरं समज म्हणून सांगितलं. कॉम्प्युटरनं त्यातला पिवळा मारायला सगळ्या फोटोंत निळा ओतला. विनोद खूश झाला. म्हणजे माझे फोटो खरे, तुझे चुकले, असं म्हणून त्यानं उरलेला भात वाढून घेतला. पण मला चैन पडेना. माझे फोटो निळे का, ते कळलं. पण याचे पिवळे का?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आत्याबाई स्वतःच आल्या. पिशवीत साडी घेऊन आल्या होत्या. अंगणात त्यांनी ती झटकून बाजेवर पसरली आणि म्हणाल्या, "पाहा बाप्पा डोळे उघडून. पांढरी हाय का नाई? माह्या पोरीची सासू मले खोटी समजून राह्यली."

साडी पांढरी होती यात वाद नव्हता. मला एकदम आठवलं, माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक राखाडी कार्ड आलं होतं. प्लॅस्टिकचं, एका बाजूनं अगदी मधला राखाडी रंग, ज्यात ना निळा ना पिवळा. ते याच कामासाठी असतं. विनोदनं तेव्हा म्हटलं होतं, घरचा पांढरा माणूस असताना कार्ड कायले पाहिजे, आणि त्यावर तो मोबाईल ठेवायचा. मी ते पुसून आणलं. साडीशेजारी ठेवलं. मागच्या दोरीवर मामाजींचा धुतलेला सदरा वाळत होता, तोही फोटोत येत होता. दोन्ही कॅमेऱ्यांनी, एकाच उन्हात, एकेक फोटो काढला.

आत आलो. आत्याबाई माझ्या उजव्या खांद्यामागे, विनोद डाव्या, आणि मामाजी दारात, वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत. पहिल्या फोटोत कार्डावर क्लिक केलं. दुसऱ्यात केलं. उजेड सारखा केला, लाल उतरवला, हिरवा काढला. दोन्ही फोटो एकमेकांना असे जुळले की कोणता कुणाचा हे विनोदलाही सांगता येईना. साडी दोन्हीकडे पांढरी.

आणि मागं दोरीवर सदरा. दोन्हीकडे निळा. मांजरपाटाच्या परकराला नीळ जास्त पडली की दिसतो ना, तसा सरळ फिकट निळा.

मला तेव्हा सगळं कळलं आणि लगेच वाटलं की न कळतं तर बरं. इतकी वर्षं आम्ही निळ्याला पांढरं समज म्हणत होतो. कॉम्प्युटर बिचारा तो निळा मारायला प्रत्येक नवरीवर पिवळं ओतत होता. दोन्ही कॅमेऱ्यांत एकच सदरा होता, म्हणून चूक दोन्हीकडे सारखी व्हायची आणि जुळून जायची. सोनेरी म्हणे.

मी फोटो पटकन खाली सरकवायला गेले, पण आत्याबाईंची नजर ससाण्याची. त्या हसायलाच लागल्या. दादा, तुहा सदरा तर निळा हाय, म्हणत पदर तोंडाला लावला. वहिनी निळीचे दोन थेंब टाकत होती, तू तर बाटलीच रिकामी करतो, असं म्हणून पुन्हा हसल्या. विनोदही हसला. मी हसले नाही, पण त्याचं श्रेय घ्यायला नको, कारण मी मामाजींकडे पाहत होते. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली, बाहेर गेले, दोरीवरचा सदरा अर्धा ओलाच काढला आणि खोलीत जाऊन दार लावलं.

फोटो तर त्याच दिवशी दुरुस्त झाले. साडी कार्डाशेजारी जवळजवळ खरीच पांढरी निघाली होती, म्हणून लग्नातले दोघांनी एकाच क्षणी काढलेले पुष्पहाराचे दोन फोटो घेतले, मामाजींच्या ऐवजी नवरीच्या साडीवर क्लिक केलं, थोडं डोळ्यानं सावरलं आणि मांडवातल्या सगळ्यांवर उतरवलं. नवरीच्या खोलीतले फोटो वेगळे केले, तिथला उजेड बल्बचा. संध्याकाळी धम्मदीपाच्या सासूचा निरोप आला की साडी ओळखू आली.

मामाजींचं मात्र बिनसलं. पुढच्या लग्नाच्या सकाळी, आम्ही गाडीवर पिशव्या बांधत होतो तेव्हा, ओट्यावरून उठलेच नाहीत. अंगावर जुना चौकड्याचा सदरा होता. विनोद म्हणाला, बाबा चला. ते म्हणाले, कार्ड हाय ना तुमच्यापाशी, मी काय करू येऊन. शाळेत घंटा वाजवणाऱ्या माणसाला हात लटकावून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

त्या लग्नात कार्डानं आमचा जीव खाल्ला. विनोदनं एका हातानं कार्ड धरून दुसऱ्या हातानं फोटो काढला, त्यात त्याचा अंगठाच आला. मी ते खुर्चीला टेकवून ठेवलं, तर त्यावर एक मावशी येऊन बसली आणि उठायला तयार नाही. मांडवातून बाहेर आलो तेव्हा वाऱ्यानं ते उडून बँडवाल्यांच्या पायात गेलं. कार्डाला ना पाय ना समज. हात वर केला की पंगतीतून उठून येणं त्याला जमत नाही. शिवाय येणारा जाणारा विचारत होता, ग्यानबा काका काहून नाई आले? त्यांची तब्येत बरी हाय ना? विनोद दर वेळी काहीतरी नवीन कारण सांगत होता. घरी येईपर्यंत मामाजींना त्यानं चार आजार लावले होते.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता हा विषय लपवून ठेवण्यात अर्थ नाही. धम्मदीपाच्या लग्नातला, भाजी सांडण्याआधीचा, विनोदनं काढलेला मामाजींचा फोटो घेतला. बाकीच्या फोटोंवर उतरवलेली खरी दुरुस्ती त्यावर उतरवली आणि मोठा प्रिंट काढला. त्यात मामाजी छाती काढून उभे होते, पेन सरळ, मागं पांढरा मांडव, आणि अंगातला सदरा स्वच्छ, कडक इस्त्रीचा आणि फिकट निळा. विनोद म्हणाला, नको दाखवू, बुढा पुन्हा रुसून बसेल. मी म्हटलं, बसू दे, पण आपण त्यांना खोटं पांढरं दाखवायचं नाही.

मामाजींनी प्रिंट हातात घेतला. चष्मा घातला. दाराशी उजेडात नेला. मी शेजारी उभी राहिले आणि सांगून टाकलं, की मामाजी, कार्डानं रंग खरे होतात, पण कार्ड कुणीतरी छातीशी धरून नीट उभं राहायला पाहिजे. ते काम आमच्यानं होत नाही. तुमच्याशिवाय लग्न निघत नाही.

मामाजी फोटोतल्या सदऱ्यावर बोट ठेवून बघत राहिले, घडी नीट आहे का तपासल्यासारखं. मग भिंतीकडे पाहिलं. तिथं जयंतीच्या मिरवणुकीतला निळा झेंडा गुंडाळून उभा केलेला असतो. पुन्हा फोटोकडे पाहिलं. आणि म्हणाले, "निळाच निघाला ना पोरी? मंग लाज कायची. दुसरा कोनता निघाला असता तर गोष्ट वेगळी होती."

मी हो म्हटलं आणि आत चहा ठेवायला गेले, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते विनोदला दाखवायचे नव्हते.

आता मामाजी प्रत्येक लग्नाला येतात. उजेड बदलला की पंगतीतून उठतात, पेन सरळ करतात, कार्ड छातीशी धरून उभे राहतात. आधी विनोद टिपतो, मग मी. आता कुणी विचारलं तर सांगतात की कार्ड माह्या हाताखाली काम करते. आणि सदरा अजून स्वतःच धुतात. परवा बादलीत पाहिलं, निळीचं पाणी आधीपेक्षा बरंच गडद होतं.